दाजींनी घेतलेलं माप

निरोप घेऊन आलेला माणूस आमच्या जालन्याच्या घराच्या पायरीवर बसला आणि आधी पाणी मागितलं. पाणी पिऊन होईपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही, त्यावरूनच मी समजले. "आष्टीचे कासार गेले," एवढंच तो म्हणाला. दाजी गेले. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. छातीत कफ भरल्याचं निमित्त झालं होतं. या वर्षी दंगली-लुटालुटीमुळे रस्त्यांची धास्ती एवढी की दिवसाउजेडीसुद्धा कोणी एकटं गाव ओलांडत नव्हतं, त्यामुळे निरोपच उशिरा निघाला. मी रेल्वेने परतूरला उतरून तिथून बैलगाडीने आष्टीला पोहोचले, तेव्हा दारापुढचं सगळं उरकलेलं होतं. आक्का भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही मनगटं उघडी. तिच्यासमोर पितळेच्या ताटात तिच्या हिरव्या बांगड्या होत्या. अख्ख्या. एकही फुटलेली नव्हती. नवरा गेला की बाईचे हात दगडावर आपटून बांगड्या फोडतात, आणि ते मी इतक्या वेळा पाहिलं आहे की काचांचे तुकडे कोपऱ्यात लोटलेले असणार हे मी धरूनच चालले होते. शेजारची म्हातारी कुजबुजली, "आम्ही दगड आणला व्हता गं, पण तिनंच एकेक करून काढल्या. सरसर निघाल्या." मला रडू फुटलं ते तेव्हा. बांगड्या बेताच्या मापाच्या असल्या की साबण न लावता निघतात, आणि आक्काला बेताचं माप मिळायला काय काय व्हावं लागलं ते त्या अंगणात आता फक्त आम्हा दोघींनाच माहीत होतं.

मी जन्माची भित्री. लहानपणी विहिरीत डोकावायची नाही, भुंगा आला की घरात पळायची. पण माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भीती म्हणजे दाजी, हे आज कोणाला सांगितलं तर हसतील. गावात त्यांच्याइतका साधा माणूस नव्हता. किडकिडीत, वाकून चालणारा, आवाज एवढा हळू की बोललेलं दोनदा विचारावं लागे. आष्टीच्या बाजारात त्यांचं बसणं ठरलेलं असे. गोणपाटावर बांगड्यांच्या माळा मांडून बसायचे आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायका हात पुढे करायच्या. परक्या बाईचा हात हातात घेणारा गावात एकच माणूस, कासार. म्हणून बायका त्याला बापाच्या जागी मानतात, आणि म्हणूनच त्या धंद्याचा एक नेम आहे. हात बघायचा, तोंड बघायचं नाही. दाजींच्या वडिलांनी तो त्यांना लहानपणीच शिकवला होता. अंगठा तळव्यात दुमडायचा, अंगठ्याखालचं हाड दाबून हात लांबोडा करायचा, बांगडी फिरवत फिरवत वर घ्यायची, आणि हे चालू असताना नजर मनगटाच्या वर जाऊ द्यायची नाही. गावातल्या कित्येक बायकांचे चेहरे त्यांना आठवत नसत, पण हात पुढे आला की ते ओळखत. "तू शिंप्याची सून न गं? तुझ्या अंगठ्याचं हाड आडवं हाये." बायका हसून बेजार व्हायच्या.

आक्का तेव्हा फार देखणी होती. बहीण म्हणून नाही म्हणत, ती दारातून गेली की लोक बोलणं थांबवायचे. हात तर असे की दाजींनी लग्नानंतर पहिल्या संक्रांतीला चुडा भरला तेव्हा म्हणे ते विसरूनच गेले की आपण कासार आहोत, आणि तोंडाकडे बघत बसले. ही गोष्ट आक्का लाजत लाजत माहेरी सांगायची. मग तिला दिवस राहिले. बाळंतपण अवघड झालं, रक्त फार गेलं, मूल काही तासच जगलं. त्यातून ती उठली, पण उठली ती वेगळीच. महिन्यामागून महिने तिचं अंग भरत गेलं. नुसतं जाड नाही, फुगीर. पापण्या सुजलेल्या, ओठ जाड, कातडी कोरडी, खरखरीत. भुवयांची शेवटाची टोकं गळून गेली. वेणी उंदराच्या शेपटीएवढी उरली. आवाज घोगरा झाला, आणि एखादं वाक्य बोलायला तिला इतका वेळ लागे की समोरचा माणूस ते मध्येच पुरं करून टाकी. भर उन्हाळ्यात ती घोंगडी घेऊन बसायची. कोणी म्हणे वारं शिरलं, कोणी म्हणे बाहेरचं आहे. मांत्रिक, अंगारा, लिंबं, सगळं झालं.

याच सुमारास आबांनी, आमच्या वडिलांनी, मला अंबडहून आष्टीला पाठवलं. "आक्काच्या हाताखाली राहा, तिला काम होत न्हाई," असं सांगून. मला वाटलं, बहिणीची मदत करायची. मला लग्नाचं वय लागलं होतं आणि मी आक्कासारखीच दिसते असं लोक म्हणत, याचा या पाठवण्याशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. ते पहिल्यांदा आलं ते मोठीबाईंमुळे. मोठीबाई म्हणजे दाजींच्या आई. करड्या बाई, पण मनाने वाईट म्हणता येणार नाही. एकुलता एक मुलगा, पोटी नातू नाही, सून अशी झालेली... त्यांना घाबरायला त्यांचीही कारणं होती. एक दिवस माझे केस विंचरताना त्या सहज म्हणाल्या, "घरचंच माणूस घरात आलं म्हंजे बरं असतंय बाई. सवतीचा जाच न्हाई, बहीण बहिणीला सांभाळती." फणी माझ्या केसांत तशीच अडकून राहिली होती.

तेव्हा असं सर्रास होत असे. थोरली आजारी पडली, वांझ निघाली, कुरूप झाली की धाकटीला त्याच घरात द्यायची. कोणाला त्यात वावगं वाटत नसे. त्या दिवसापासून मी दाजींच्या सावलीलाही भिऊ लागले. ते ओसरीवर आले की मी परसात जायची. त्यांना ताट वाढायची वेळ आली की ते लांबूनच पुढे सरकवायची. आणि ते माझ्याकडे बघत नाहीत याचीही मला भीती वाटे, कारण मला वाटायचं, मनात काही असल्याशिवाय माणूस कशाला नजर टाळेल?

पण ते आक्काकडेही बघत नव्हते. हे मला उशिरा लक्षात आलं. जेवताना खाली मान. बोलताना चुलीकडे बघून. निजायलाही ओसरीवर, "तिला झोप लागायला पायजे" म्हणून. आक्काने यातून एकच अर्थ काढला होता. ती त्यांच्यासमोर पदर नाकापर्यंत ओढायची, त्यांच्या येण्याच्या वेळेला कंदिलाची वात बारीक करायची, त्यांचं ताट वाढून आत निघून जायची. "माझी किळस येती त्यास्नी," ती एकदा मला म्हणाली, आणि तिच्या त्या घोगऱ्या, सावकाश आवाजात ते वाक्य संपेपर्यंत मला तिथून पळून जावंसं वाटलं. ती जितकी लपायची तितकी त्यांची मान खाली जायची, आणि मान जितकी खाली जायची तितकी ही लपायची. दोघंही एकमेकांना जपत होती आणि घरात श्वास घ्यायला जागा उरली नव्हती.

तिच्या जुन्या बांगड्या सुजेत रुतल्या तेव्हा मोठीबाईंनी त्या कानशीने कापून काढल्या. फोडल्या नाहीत, तेवढं भान त्यांना होतं. पण सवाष्णीचे हात मोकळे राहिले. आक्का ते हात पदराखाली घेऊन बसायची. मला आठवतं, ती एका दुपारी माझ्या मनगटांकडे बघत होती. मी नकळत हात मागे घेतले, आणि तिने मान फिरवली. बहिणी बहिणी आम्ही, एका ताटात जेवलेल्या, आणि आता एकमेकींना भिऊन होतो.

संक्रांत जवळ आली तसे दाजी माल आणायला जालन्याला गेले. परतले ते एक कागदाची पुडी वेगळी घेऊन. मोठीबाई आणि मी अंगणात शेंगा फोडत होतो, आक्का दाराशी बसली होती. त्यांनी पुडी तिच्या मांडीवर ठेवली. हिरव्या बांगड्या, सोनेरी रेघेच्या. दाजी खाली बसले, नेहमीसारखे मान खाली घालून, आणि तिचा हात हातात घेतला. मी बघत होते. आक्काच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी काहीतरी उजळलं होतं. मग पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. त्यांनी साबण लावला, हात दाबला, पुन्हा लावला. ज्या माणसाला बोटाच्या स्पर्शाने माप कळतं तो माणूस घामाघूम होऊन ती बांगडी रेटत होता. कट्‌ करून ती तुटली आणि आक्काच्या हातातून रक्त आलं. बांगड्या तिच्या पहिल्या मापाच्या होत्या.

आक्काने तो हात पदराखाली घेतला. बोलल्या त्या मोठीबाई. "शांते, तुझा हात आण गं इकडं." मी काही समजायच्या आत त्यांनी माझं मनगट धरलं आणि पुडीतली एक बांगडी चढवली. ती सरळ आत गेली, मग दुसरी, तिसरी. "बघ, बराबर बसल्या," त्या म्हणाल्या. "मी कधीची म्हणून राह्यले. हिच्या बापालाबी हेच पायजे. हिला कामून पाठवलं मंग?" आबांना हे ठाऊक होतं... हे मला त्या क्षणी कळलं, मोठीबाईंच्या अंगणात, हातात परक्या संसाराच्या बांगड्या घालून उभी असताना. आक्का उठली. तिला उठायला वेळ लागायचा. भिंतीला धरून उठली आणि आत गेली.

दाजी माझ्याकडे आले. मी हात पाठीमागे लपवले. ते आता हात धरणार आणि त्या हातात काहीतरी कायमचं ठरून जाणार असं मला वाटलं. ते थोडे लांबच थांबले. "म्या हात लावीत न्हाई, पोरी," ते म्हणाले. "तूच काढ. सावकाश काढ, लागंल." पोरी. हा शब्द त्यांनी मला आधी कधी लावला नव्हता. मी बांगड्या काढून जोत्यावर ठेवल्या. मोठीबाईंकडे वळून ते म्हणाले, "आई, तुला जे बोलायचं ते बोलून झालं. आता या घरात तिच्या अंगावरून कोणी बोलायचं न्हाई. तू न्हाई, म्या न्हाई, बाजारातल्या बायकाबी न्हाई." त्यांचा आवाज त्या दिवशी कोणालाच दोनदा विचारावा लागला नाही.

मग ते आत गेले. स्वयंपाकघराला दार एकच, आणि मी त्यांच्या मागोमाग येऊन त्या दारातच थबकले होते. मला हलता येत नव्हतं म्हणून ऐकलं, खरंच सांगते. ते आक्कासमोर जमिनीवर बसले. मग म्हणाले, "मोठं माप मागायला माझी जीभ रेटली न्हाई. वाटलं, मोठं आणलं तर तुला वाईट वाटंल. पहिलं आणलं तर वाटंल, काही बदललं न्हाई."

"मला वाटलं," आक्का म्हणाली, आणि तिचं सावकाश बोलणं त्यांनी या वेळी मध्येच पुरं केलं नाही, "तुम्हाला ती पहिलीच पायजे."

"पायजे व्हती," ते म्हणाले. असं कोणी बोलतं का? "खोटं कामून बोलू? ती तू मला लई आवडायचीस. तिच्यासाठी म्या रडलो, बाजारातून येताना रस्त्यात बसून रडलो. पण माझी मान खाली जाती ती किळस म्हणून न्हाई गं. माझा बाप असाच सुजून गेला. तुझ्या पापण्या बघितल्या की मला त्याचं तोंड दिसतंय. तू मरून राह्यलीस आन् म्या बघून राह्यलो, असं वाटतंय. म्हणून बघत न्हाई."

आक्काचा पदर तसाच नाकापर्यंत होता. "बघू दे," ते म्हणाले. "तू म्हणशील तवा. आज न्हाई तर उद्या. पण म्या कासार म्हणून न्हाई बघणार." त्यांनी हात पुढे केला नाही, पदराला स्पर्श केला नाही. बसून राहिले. चुलीवरचं दूध उतू गेलं, करपल्याचा वास आला, तरी दोघंही उठली नाहीत. मग आक्काने स्वतःच पदर मागे घेतला. वरच्या झरोक्यातून ऊन पडत होतं, त्यात तिचा चेहरा होता तसा, सुजलेला, भुवया उडालेल्या. दाजींनी तो बघितला. त्यांचे ओठ थरथरत होते आणि ते घाबरलेले होते, हे मला दारातूनही दिसलं. पण त्यांनी मान खाली घातली नाही. शेवटी त्यांनी तिचा हात मागितला, सुतळीचा तुकडा तिच्या पंजाभोवती, अंगठ्याच्या हाडावरून फिरवला आणि गाठ मारली. ते माप घेऊन ते दुसऱ्या दिवशी पुन्हा जालन्याला गेले, या खेपेला आक्कालाही गाडीत घालून.

तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचा गळा चाचपला, भुवया पाहिल्या, थंडी वाजते का, पोट साफ होतं का ते विचारलं, आणि सांगितलं की बाहेरचं काही नाही. गळ्यातली एक गाठ असते, तिचं काम मंदावलंय. मेंढीच्या तसल्याच गाठीपासून केलेल्या गोळ्या आहेत, त्या जन्मभर घ्याव्या लागतील. मोठीबाईंनी घरात मेंढीचं ते औषध नको म्हणून आकांडतांडव केलं. दाजींनी आक्कालाच विचारलं, "तू काय म्हणतीस?" आक्का म्हणाली, घेते. तिला कोणी विचारलं असं त्या घरात मी पहिल्यांदाच पाहिलं.

गोळ्यांनी सूज उतरली, आवाज मोकळा झाला, थंडी गेली. पण जुनी आक्का काही परत आली नाही. अंग जाडच राहिलं, केस विरळ राहिले. पुढे लढाईच्या काळात विलायतेहून येणाऱ्या त्या गोळ्या मिळेनाशा झाल्या की पुन्हा सुजायची, मिळाल्या की उतरायची. दाजी तेव्हा दोन मापांचे जोड घरात ठेवायचे आणि कोणता हवा ते तिला विचारायचे. सगळं त्या एका दुपारी नीट झालं असं मात्र कोणी समजू नये. कित्येक महिने ते ओसरीवरच निजत होते. माझं लग्न झाल्यावर एकदा आक्काने मला सांगितलं, तेही चुलीकडे बघत, "मन आधी आलं न्हाई बाई. हात आधी आला. रोज डोक्याला तेल लावून द्यायचे. काही मागायचे न्हाईत, तेल लावायचे आन् जायचे. मंग एक दिवस म्याच म्हणले, बसा." आणि मग हसून म्हणाली, "म्याबी लई तरास दिला त्यास्नी. वात बारीक करायचे न म्या. माणसानं बघायचं तरी कसं?"

बाजारात एकदा कोणी बाई फिदीफिदी हसत बोलली होती, कासाराच्या बायकोला आता बांगडी नको, गाडीच्या चाकाची लोखंडी धाव लागंल. दाजींनी तिचा अर्धा भरलेला हात खाली ठेवला. "दुसरीकडं भरून घे," म्हणाले. संक्रांतीच्या तोंडावर गिऱ्हाईक घालवणं म्हणजे काय ते धंदेवाल्याला विचारा. घरी आल्यावर मात्र हेच दाजी आक्काला चिडवायचे. जात्यावर बसली की म्हणायचे, "तुझा पहिला आवाज मैनेसारखा व्हता, जात्याच्या घरघरीत ऐकूच येत न्हवता. आता कसा दमदार लागतोय." ती खोटं रागवायची आणि अजून मोठ्याने गायची. मी ते ऐकलं आहे. ज्या माणसाला बायको आवडत नाही तो माणूस तसं चिडवत नाही.

आक्का जरा सावरल्यावर मला त्यांनी स्वतः अंबडला आणून सोडलं. आबांना उंबऱ्यातच म्हणाले, "पोरीला चांगलं घर बघा. माझ्या घरात बायको हाये." पाणीही न घेता परत फिरले. माझ्या लग्नात चुडा त्यांनीच भरला, नजर माझ्या मनगटावर, एकदाही वर नाही. त्या दिवशी मला त्या खाली घातलेल्या नजरेचा पहिल्यांदा आधार वाटला.

नंतर दाजींचे दात गेले, गाल आत बसले, एका डोळ्यावर पडदा आला. शेवटच्या वर्षी खोकून खोकून त्यांच्या अंगावर हाडंच राहिली. तोंडाला वास यायचा. मी भेटायला गेले तेव्हा आक्का त्यांना कण्या भरवत होती. "पहिल्यांदा मलाबी कसंतरी झालं," ती मला परसात म्हणाली. "मान वळली माझी. मंग म्हणलं, हे सोपं न्हाई हे आज कळलं. त्यांनी एवढी वरसं कसं केलं असंल?" मग आत जाऊन तिने कंदिलाची वात मोठी केली आणि त्यांच्या समोर बसली.

दाजींचे तेरा दिवस झाल्यावर मी निघाले. गाडी दारात उभी होती, उजेडात परतूर गाठायचं म्हणून गाडीवान घाई करत होता. आक्का उंबऱ्याच्या आत उभी होती, विधवा बाई जाणाऱ्याच्या आडवी येऊ नये म्हणून. गल्लीतल्या दोघी-तिघी मला निरोप द्यायला आल्या होत्या, पण आक्काकडे नजर न टाकता उभ्या होत्या. मी गाडीकडे वळले तसं तिने मला हाक मारली.

"शांते, आता कोणी माझ्याकडं बघत न्हाई गं," ती म्हणाली. "मला भ्या वाटतंय. जरा बघ माझ्याकडं."

मी परत फिरले, उंबरा ओलांडून तिच्यासमोर उभी राहिले आणि बघितलं. जाड जबडा, विरळ केस, रडून पुन्हा सुजलेल्या पापण्या, कोरं कपाळ. मला भीती वाटली, माझीही मान खाली जायला लागली होती. ती मी धरून ठेवली. गाडीवानाने दोनदा हाक दिली तरी मी हलले नाही. शेवटी तीच म्हणाली, "बास. जा आता, जल्दी जा. अंधार व्हईल."